हुंकार

समोरच्या गॅलरीत शेजारीण गवार मोडत होती. तिचा नवरा ऑफिसातून आला आणि बूटही न काढता साहेबाबद्दल बोलू लागला.

"अरे, आईचा रिपोर्ट आलाय..."

"थांब गं, आधी ऐक तर. सगळ्यांसमोर मला म्हणतो कसा..."

ती "हं" म्हणत राहिली.

आमचे हेही सुरुवातीला असेच बोलून मोकळे व्हायचे, मग विचारायचे, "तुझं काय आज?" पुढे तो प्रश्न राहून गेला. रोज तोच साहेब, तोच अपमान. सांगून झालं की ते पोटभर जेवायचे. माझा घास मात्र तोंडातच फिरत राही.

समोरचे हुंकार थांबले होते. त्याचं बोलणं चालूच होतं.

माझेही असेच थांबले होते. ह्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.