एकोणतीस करंडे

बोरीवलीत मी आणि ताई भेटवस्तूंचं दुकान चालवतो. वर्षभर माशा मारायच्या आणि संक्रांत ते रथसप्तमी श्वास घ्यायला फुरसत नाही, असा आमचा धंदा. रथसप्तमी झाली की हळदीकुंकवाच्या वाणाला कुत्रंही विचारत नाही. मागच्या वर्षीच्या उरलेल्या परड्या ताईच्या माळ्यावर अजून पडून आहेत आणि ताई त्यावरून मला रोज ऐकवते.

यंदा पितळी करंडे चालले. दिवसाला सरासरी पंधरा जात. व्यापाऱ्याला सांगितल्यापासून माल यायला चार दिवस, म्हणजे साठ हवेतच. वर राखीव किती ठेवायचे, यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, साठ. ताई म्हणाली, "वीस बस झाले. उरले तर तुझ्या घरी नेशील ना?" शेवटी तिचंच खरं झालं. साठ आणि वीस, ऐंशी उरले की ऑर्डर द्यायची.

पण पंधरा म्हणजे रोज पंधरा बायका एकेक करंडा नेतात असं थोडंच आहे! एकच बाई येते, पंचेचाळीस उचलते, मग दोन दिवस कोणी फिरकत नाही. हे मी ताईला घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते.

एका सकाळी चौऱ्याऐंशी होते. ऑर्डर द्यायची वेळ आलीच नव्हती. दुपारी एका बाईने पंचावन्न नेले. उरले एकोणतीस. मी लगेच फोन केला, पण चार दिवस ते चारच दिवस.

दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक काकू आल्या. त्यांनी घेतलं की त्यांची अख्खी सोसायटी आमच्याकडे येते. त्यांना चाळीस हवे होते, परवासाठी.

"अकरा वाट्या देऊ का?" ताईने विचारलं.

"अगं, एकीला करंडा नि दुसरीला वाटी? बायका तोंडावर बोलतील मला."

त्या गेल्या. एकोणतीस करंडे फळीवर चकचकत राहिले. एक बाई तीस मागायची, दुसरी पन्नास. माल समोर होता आणि विकायला काही नव्हतं. मला इतका संताप आला, की ताईशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं होतं. न जाऊन कसं चालेल? गेले. त्यांनी कुंकू लावलं आणि हातात एक नाजूक चांदीच्या रंगाची डबी ठेवली. शेजारच्या बाईने विचारलं, "किती गोड आहे! कुठून घेतलीत?"

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि स्टेशनजवळच्या दुकानाचं नाव सांगितलं. "हव्या तेवढ्या एकसारख्या मिळतात हो तिथे."

मी "छान आहे" म्हटलं. माझ्यासमोरच तिघीचौघींनी त्या दुकानाचा नंबर घेतला.