पत्र्यावर तापवलेली स्लाइड

मावशीच्या थुंकीच्या तपासणीचा पहिला अहवाल निगेटिव्ह आला. त्या दिवसापर्यंत ती ओसरीत एकटी निजत होती. अहवाल हातात पडला त्या संध्याकाळी तिने दोन वर्षांच्या नातीला पुन्हा कुशीत घेतलं. त्यानंतर तीन आठवडे नात तिच्याजवळच झोपली. हा अहवाल खोटा होता, आणि तो कसा तयार झाला हे मला नंतर आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये, तो जिथे तयार झाला त्याच टेबलाशेजारी उभं राहून कळलं.

मावशी लालबर्रा रस्त्यावरच्या एका राइस मिलमध्ये झाडझूड करते. दोन महिने खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरलेलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी क्षयाच्या संशयाने थुंकी तपासायला सांगितली होती. अहवाल निगेटिव्ह आल्यावर कोंड्याच्या धुळीचा खोकला म्हणून औषध लिहून दिलं. खोकला वाढतच गेला. शेवटी बालाघाटला एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसत होती. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून थुंकी परत तपासा म्हणून सांगितलं, आणि मी मावशीला घेऊन पुन्हा त्याच आरोग्य केंद्रात गेलो.

केंद्रात क्षयाचे जंतू जनुकांवरून ओळखणारं मशीन होतं. पण प्रत्येक तपासणीला त्यात घालावी लागते ती चिप संपलेली होती. राहिला सूक्ष्मदर्शक.

योगायोगाने त्या दिवशी जिल्ह्याचे लॅब सुपरवायझर तपासणीला आले होते. पन्नाशी ओलांडलेला, हळू बोलणारा माणूस. ते रजिस्टर उलटत होते आणि एका गोष्टीवर अडले होते: तीन आठवड्यांत एकही पॉझिटिव्ह नाही. त्यांनी जुन्या स्लाइड्सच्या पेटीतून मावशीची स्लाइड काढायला लावली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि काचेच्या कडेचे गडद खडे नखाने दाखवले. रंग काचेवरच वाळला होता.

"बापू, हे गरम कशावर केलं?"

टेक्निशियन कटंगीकडचा, नोकरीला दोन वर्षं झालेला तरुण. त्याने छताकडे बोट केलं. "दिव्यात टाकाले स्पिरिट नाही ना सर. वरच्या पत्र्यावर ठेवतो. मे महिन्याचं ऊन आहे, पाय ठेवता येत नाही."

"वाफ निघते?"

"वाफ नाही जी. जास्त ठेवलं तं सुकून जाते, म्हणून लवकर उचलतो."

तो खोटं बोलत नव्हता, लपवतही नव्हता. बालाघाटच्या मे महिन्यात असं सुचणं सोपं आहे. स्पिरिटची मागणी त्याने दोनदा पाठवली होती. मागची रिकामी बाटली जमा केली नाही, या शेऱ्यासह ती दोनदा परत आली होती. ते दोन्ही कागद त्याने फाइलमधून काढून दाखवले.

सुपरवायझर उठले, व्हरांडा ओलांडून समोरच्या ड्रेसिंगच्या खोलीत गेले आणि स्पिरिटची अर्धी भरलेली बाटली घेऊन आले. मी पावलं मोजली. अकरा होती. ते स्पिरिट जखमा पुसण्याच्या खात्यातलं, हा दिवा लॅबच्या खात्यातला. एवढ्या कारणासाठी तीन आठवडे या टेबलावर दिवा पेटला नव्हता.

दाराबाहेरच्या बाकावरून मावशीने विचारलं म्हणून, आणि बहुधा टेक्निशियनने ऐकावी म्हणूनही, त्यांनी काम करता करता सगळी गोष्ट सांगितली. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणासारख्या चरबीचं जाड कवच असतं. इतर जंतूंसाठी वापरतात तो नेहमीचा रंग त्यात नीट शिरत नाही. म्हणून फिनॉल मिसळलेला लाल रंग ओतायचा आणि वाफ निघेपर्यंत खालून तापवायचा, उकळू द्यायचा नाही. उष्णतेने कवच सैल होतं, रंग आत जातो. काच निवली की तो आत अडकतो. मग गंधकाचं आम्ल ओतायचं. थुंकीतल्या बाकी सगळ्याचा लाल रंग धुऊन जातो, याचा जात नाही. शेवटी निळा रंग. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या तर क्षय. तापवलंच नाही तर लाल आत जात नाही, आणि मागून येणारा निळाही कवचाबाहेरच राहतो. जंतू काचेवर असतात आणि दिसत नाहीत.

"कंट्रोलची स्लाइड सोबत लावली असती तं पहिल्याच दिवशी कळलं असतं," ते टेक्निशियनला म्हणाले. आधीच पॉझिटिव्ह ठरलेल्या थुंकीची एक न रंगवलेली स्लाइड प्रत्येक खेपेला सोबत रंगवायची असते, रंग चालतो की नाही ते पाहायला. तीही लावली नव्हती. तरुणाने मान हलवली.

मावशीने विचारलं की हे आलं कुठून. तिचे सासरे खोकून खोकून गेले तेव्हा ती नवी नवरी होती. तेव्हाच आलं असू शकतं, ते म्हणाले. खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. खोकणाऱ्याच्या तोंडून उडालेल्या बारीक थेंबांतून जंतू दुसऱ्याच्या फुप्फुसात तळापर्यंत जातो. तिथल्या रक्षक पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. तो त्यांच्याच पोटात राहतो आणि फार सावकाश, दिवसाभरात जेमतेम एकदा, दुप्पट होतो. शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडतं. बहुतेकांमध्ये तो जन्मभर तसाच निजून राहतो. अंगातली ताकद कमी झाली की गाठ आतून विरघळते, फुप्फुसात पोकळी पडते, आणि तिथल्या हवेवर तो भराभर वाढून खोकल्यातून बाहेर निघतो, पुढच्या माणसाकडे. मावशीला गेल्या वर्षी साखरेचा आजार निघाला होता. तो धागा त्यांनी आपणहून जोडला.

हे चाललं असताना जुन्या स्लाइडवरचं तेल टिपून तिच्यावर पुन्हा लाल रंग ओतला गेला होता. दिवा काचेखालून सावकाश फिरला. वाफेची रेघ उठली, फिनॉलचा वास खोलीभर झाला. पाच मिनिटं. पाणी, आम्ल, पाणी, निळा, पाणी. तेलाचा थेंब टाकून सुपरवायझर भिंगावर वाकले आणि लगेच बाजूला झाले. आधी टेक्निशियनने पाहिलं, मग मी. निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या, काही सुट्या, काही जुडीने. स्लाइड तीच होती, थुंकीही तीच, तीन आठवड्यांपूर्वीची.

रजिस्टरमध्ये तीन प्लस लिहिलं गेलं. तपासणीतला हा सर्वांत वरचा आकडा.

मावशी बाकावरच होती. टेक्निशियन स्वतः सांगायला गेला. बारीक आवाजात म्हणाला की मौसी, रिपोर्ट बदलला, गोळ्या आजपासूनच सुरू होतील, सहा महिने घ्यायच्या, बरं होतं. ती ऐकत होती. पदर तोंडावर धरूनच तिने विचारलं.

"मले सांग बाबू, घरी गेली तं त्या कागदाच्या भरवश्यावर पोरीले कुशीत घेतलं मी. तुहा दिवा नव्हता तं कागदावर तसं काहून नाही लिहिलं?"

अहवालाच्या छापील कागदावर तशी जागाच नव्हती; निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह, दोनच रकाने होते. पण हे त्याने म्हटलं नाही, आणि त्याबद्दल त्याला मी थोडे गुण देतो. ज्यांनी दोनदा मागणी परत पाठवली त्यांच्यापैकी कोणीही मावशीसमोर असं उभं राहिलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

मावशीने मला सुनेला फोन लावायला सांगितला. "नातीचं हातरूण आताच उचल म्हणा. मी येवाच्या आत." फोन होईपर्यंत सुपरवायझर बाहेर आले, नातीचं वय विचारून घेतलं, आणि तिला उद्या तपासणीला आणा म्हणाले. आजार नसला तरी इतक्या लहान मुलीला प्रतिबंधाच्या गोळ्या द्याव्या लागतील.

आम्ही निघालो तेव्हा टेबलावर दिवा पेटलेला होता. टेक्निशियन पेटीतून त्या तीन आठवड्यांच्या उरलेल्या स्लाइड्स एकेक करून बाहेर काढत होता, आणि सुपरवायझर रजिस्टरमधल्या निगेटिव्ह नावांसमोरचे फोन नंबर कागदावर उतरवत होते. त्यातल्या काहींसमोर नंबर लिहिलेलाच नव्हता.