कंपनीचं नाव चौथ्या वाक्यात

कॉल सेंटर हा शब्द तेव्हा नागपुरात कोणी ऐकला नव्हता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सदर भागात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची खोली होती. तिथे चार फोन होते, चार मुली होत्या आणि टेलिफोन डिरेक्टरीची सुटी केलेली पानं होती. घर झाडण्याचं विजेचं यंत्र विकणाऱ्या कंपनीसाठी आम्ही घरोघरी फोन करायचो. यंत्र दाखवायला माणूस कधी पाठवू, एवढंच विचारायचं आणि वेळ ठरवायची.

मी कळमेश्वरहून एसटीने येत असे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. वडिलांनी माझ्या नोकरीची बातमी गल्लीत प्रत्येक दारी जाऊन सांगितली होती. नोकरी पक्की झालेली नाही, तीन महिन्यांनी ठरणार आहे, हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. रोज चार भेटी ठरल्या तर पक्की, नाही तर घरी.

आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाई मोठ्या कडक होत्या, पण शिकवायच्या मनापासून. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "समोरच्यानं हॅलो म्हटलं की नमस्कार कर. आपलं नाव सांग, कंपनीचं नाव सांग, कशासाठी फोन केला ते सांग. मग विचार, दोन मिनिटं बोलू का? अन् थांब. त्याले बोलू दे. कोण बोलतंय असं आपण विचारायचं नाही. फोन आपण केला, तर ओळख आधी आपली."

मी तंतोतंत तसंच करत होते. पण कंपनीचं नाव निघालं की पलीकडे खट्ट आवाज व्हायचा. दिवसभर तोच खट्ट. पंधरा दिवसांत माझ्या एकूण सहाच भेटी ठरल्या.

"काहून वं, रडून राहिली का?" बाईंनी एकदा विचारलं.

"नाही बाई. पण नाव घेतलं की ठेवतात."

"मग असं बोल की ठेवावासा वाटणार नाही."

मी घरी जाऊन विचार केला. आमच्याकडे कोणाच्या दारी गेलं तर एकदम कामाचं बोलत नाहीत. आधी घरच्यांची विचारपूस होते. शाळेत गुरुजींनीही शिकवलं होतं, मोठ्यांशी हळू आणि खालच्या आवाजात बोलावं. यंत्र दाखवताना नवरा-बायको दोघंही हजर लागत, म्हणून घरी कोण आहे हे कधीतरी विचारावंच लागे. तो प्रश्न मी वर आणला आणि कंपनीचं नाव खाली नेलं. दुसऱ्या दिवसापासून मी अशी सुरुवात करू लागले: "नमस्कार. आपण देशमुख साहेबांच्या घरूनच बोलता ना? घरी सगळे बरे आहेत ना? आत्ता घरी आपण एकट्याच आहात, की सोबत आणखी कोणी आहे?" आडनाव डिरेक्टरीतून बघून बदलायचं. कंपनी येई चौथ्या वाक्यात.

फोन ठेवणं थांबलं. अगदी थांबलंच. पहिल्या प्रश्नालाच पलीकडचा आवाज बारीक होई. कोणी म्हणे, "बोला, लवकर बोला." एकानं विचारलं, "मेडिकलमधून का, दवाखान्यातून?" मी नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. मग ते इतके मोकळे झाले की लगेच भेटीची वेळ देऊन बसले. मला वाटलं, लोकांना आदरानं बोललेलं आवडतं. मी देवाचे आभार मानले.

कचेरीचे मालक, आमचे साहेब, खूश झाले. नोकरी पक्की झाल्याचं पत्र शनिवारी देईन म्हणाले, पण त्याआधी ही सुरुवात बाकीच्या तिघींना शिकवायची. मी बुधवारी शिकवली. गुरुवारी सकाळी खोलीत चौघींच्या आवाजात, खालच्या पट्टीत, एकच प्रश्न फिरत होता: सोबत आणखी कोणी आहे का? त्या ओळीनं माझ्याच अंगावर काटा आला. का आला, ते तेव्हा उमगलं नाही.

त्याच दुपारी मी धरमपेठेतला एक नंबर फिरवला. एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. मी तिन्ही प्रश्न विचारले. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सांग बेटा. मी बसली आहो."

"आजी, मी..."

"खाणीतून बोलून राहिली ना? कुठे ठेवलं त्याले?"

मी घाईघाईनं कंपनीचं नाव सांगितलं, यंत्राचं सांगितलं.

"लपवू नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी एकटी आहो का, हे काहून विचारलं मग?"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. त्या दूर जाऊन कोणाला तरी हाका मारत होत्या. मी फोन ठेवून पुन्हा लावला. एंगेज. अर्ध्या तासानंही एंगेज. खाणीतून खराच निरोप आला असता, तरी त्या घरात तो पोचला नसता.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "पत्ता डिरेक्टरीत आहे," त्या म्हणाल्या. "जा. साहेबांले मी सांभाळते."

दाराला कुलूप होतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. शेजारची बाई ओट्यावर आली.

"त्या उमरेडकडे गेल्या, पोराच्या खाणीवर. कोण्या पोरीचा फोन आला होता वं. लय गोड बोलत होती म्हणे. म्हणूनच त्यांले समजलं. एवढं गोड कोणी उगीच बोलते का?"

ती पोरगी मीच, हे मला सांगता आलं नाही. मी मान हलवली आणि परतले.

शुक्रवारी सकाळी तोच नंबर लावला. या वेळी पहिल्याच दमात नाव, कंपनी, यंत्र, सगळं सांगितलं. पलीकडे त्या आजींचा मुलगा होता. जिवंत, धडधाकट आवाज. त्यानं फोन ठेवला नाही.

"काल आईला तुम्हीच फोन केला होता?"

"हो. चूक झाली माझी."

तो ओरडला नाही, याचं मला जास्त भय वाटलं. "खाणीच्या फाटकावर ती दोन तास बसून होती," तो म्हणाला. "मला बघितलं तरी तिचा विश्वास बसेना. आता घंटी वाजली की आतल्या खोलीत जाऊन दार लावते. मी तिच्यासाठीच फोन घेतला होता. उद्या खरंच काही झालं, तर तिला कळवायचं कसं?"

तो उत्तरासाठी थांबला. शेवटी मीच, रडू आवरत, फोन ठेवला.

शनिवारी साहेब पत्राचं पाकीट घेऊन आले आणि त्यांनी ते टेबलावर ठेवलं. मी त्यांना म्हटलं, "ही सुरुवात बंद करायची, साहेब. आपला फोन म्हणजे मौतीची खबर समजून लोक फोन धरून ठेवतात."

"धरून ठेवतात ना? बस, अपना काम हो गया," ते हसले. "तू बसून दाखव मले."

मी बसले. बाकीच्या तिघींनी आपापले फोन खाली ठेवले. बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. मी नंबर फिरवला आणि बाईंनी पहिल्या दिवशी शिकवलेलं ओळीनं म्हटलं: नमस्कार, माझं नाव, कंपनीचं नाव, कशासाठी फोन केला.

खट्ट.

साहेबांनी पाकीट टेबलावरून उचललं. "अजून एक," ते म्हणाले. "तू या तिघींना शिकवलेल्या पद्धतीनं."

मी दुसरा नंबर फिरवला आणि कंपनीचं नाव पुन्हा आधीच घेतलं. तिकडून कोणी तरी "नको" म्हणून ठेवून दिलं. साहेब पाकीट घेऊन जिना उतरले. मी तिसरा फिरवला. घंटी वाजत होती, आणि कोणी उचलण्याआधी मी मनात एवढंच म्हणत होते, ठेवा, बिनधास्त ठेवा.