दादाच्या खांद्यावरचा माझा हात

दादा गेला, आणि तेराव्याला ठेवायला त्याचा एकट्याचा फोटो घरात सापडेना. एक बरा होता, पण त्यात त्याच्या डाव्या खांद्यावर माझा जाडजूड हात होता. मी आयुष्यात फोटोपुरतासुद्धा स्वतःच्या पायांवर उभा राहिलो नाही.

वहिनींना घेऊन तंजावरातल्या स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर आधी मला कापलं. मग दादाचा उजवा खांदा उचलून, उलटा करून, माझ्या हातावर बसवला आणि शर्टाच्या चौकड्या जुळवल्या. हात गेला.

"हे कोण?" वहिनी म्हणाल्या. "यांचा डावा खांदा उतरलेला होता, भावजी."

उतरलेलाच होता. लहानपणी पेरूच्या झाडावरून मी त्याच्यावर पडलो होतो.

"मला वाटलं, तुमच्या हाताने दबलाय, सार," तो माणूस तमिळमध्ये म्हणाला. "किती उतरवू?"

सांगता येईना, म्हणून मी उठून माझाच खांदा पाडून दाखवला. तो बघून बघून बाहीची कड खाली ओढू लागला.

"अजून थोडा, भावजी," वहिनी म्हणाल्या.

मी अजून पाडला. त्यांची नजर पडद्यावरून माझ्याकडे वळली, आणि दादा गेल्यापासून न रडलेल्या वहिनी तिथेच स्टुलावर बसून रडू लागल्या.