बंद न होणारा संगणक

आमच्या कार्यालयातल्या टायपिस्ट बाई दोन वर्षं सगळ्यांच्या शेवटी घरी जायच्या. स्क्रीन काळा झाल्याशिवाय खोलीला कुलूप लावायचं नाही, हा साहेबांचा हुकूम. आणि बाईंचा संगणक बंद व्हायला वीस मिनिटं घ्यायचा. तक्रार केली की साहेब म्हणायचे, "जुना झालाय तो, बाई, तुमच्यासारखाच." सगळे दात काढायचे. मीही काढले.

आई वारली म्हणून बाई रजेवर गेल्या, तेव्हा त्यांच्या संगणकावर आम्हीच काम करायचो, आणि एकदा कुलपाची पाळी खुद्द साहेबांवर आली. दुसऱ्याच दिवशी मेकॅनिक हजर! त्यानं संगणकातल्या नोंदी चाळल्या. हजेरीचं यंत्र दोन वर्षांपूर्वीच भिंतीवरून काढलं होतं, पण त्याची सर्व्हिस, म्हणजे त्या यंत्राशी जोडणारी आज्ञावली, संगणकात चालूच होती. बंद होताना ती त्या नसलेल्या यंत्राच्या उत्तराची वाट बघत बसायची. मेकॅनिकनं ती कायमची थांबवली आणि संगणक दहा सेकंदांत बंद झाला.

बाई कामावर परतल्या, तेव्हा साहेब ऐटीत म्हणाले, "आता वेळेवर सुटाल!"

"दवाखान्यात आईला भेटायची वेळ सहापर्यंत होती, साहेब," बाई म्हणाल्या. "मी रोज सहा-दहाला पोचायचे."