लाल पेनाने केलेला वर्तमानकाळ

वरोऱ्याच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवायचो आणि चार-पाच जणांचा पीएच.डी.चा गाईड होतो. प्रबंध तपासताना माझं लाल पेन फार चालायचं. विद्यार्थी त्याला घाबरत, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

माझा स्वतःचा प्रबंध विचारवंतांच्या सिद्धांतांवर होता. तिथे ‘अमुक लेखक असे मानतात’ हा वर्तमानकाळ योग्यच. माणूस गेला तरी त्याचं म्हणणं पुस्तकात उभं असतं. तेवढ्या भांडवलावर मी नियमच करून टाकला की आधीच्या संशोधनाचा आढावा सगळा वर्तमानकाळात लिहायचा. भूतकाळाने वाक्य शिळं होतं, असं मी ठासून सांगायचो. मला कोण विचारणार? हम करे सो कायदा.

माझी एक विद्यार्थिनी होती, मोहर्लीकडच्या एका खेड्यातली. घरात एवढं शिकलेली पहिलीच. विषय होता मोहफुलं वेचणाऱ्या बायका. तिच्याच गावात फार वर्षांपूर्वी एकाने असा अभ्यास केला होता. तेव्हाचेच प्रश्न घेऊन ती पुन्हा घरोघरी फिरली, आणि काय बदललं ते तिने नोंदवलं. दुसऱ्या प्रकरणात त्या जुन्या अभ्यासाबद्दल तिने लिहिलं होतं, ‘वेचणीआधी बायका झाडाखालचा पाला जाळत असल्याचे या अभ्यासात आढळले.’ मी ते खोडून वर लिहिलं, ‘वेचणीआधी बायका झाडाखालचा पाला जाळतात.’ पानोपान तेच केलं.

दोन दिवसांनी ती कागद घेऊन आली. “सर, हे तवाचं होय. आता आमच्या इथी पाला नाई जाळत. कोणी झाडून घेते, कोणी झाडाखाली जाळी बांधते. माही आईच जाळी बांधते. मग ‘जाळतात’ काऊन लिहू?”

“तुह्यं आताचं चौथ्या प्रकरणात येतेच ना?” मी म्हणालो. “आढाव्यात वर्तमानकाळच चालते. मले शिकवू नको.”

सगळं प्रकरण तिने मी सांगितल्याप्रमाणे फिरवलं.

प्रबंधाची मौखिकी, म्हणजे तोंडी परीक्षा, गडचिरोलीला विद्यापीठात होती. त्याच महिन्यात एका कॉलेजात प्राध्यापकाच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, आणि पदवीचं पत्र हातात असल्याशिवाय तिथे बसू देणार नव्हते. पुण्याकडून आलेल्या परीक्षक बाई मवाळ बोलायच्या. त्यांनी दोन पानं समोरासमोर धरली.

“दुसऱ्या प्रकरणात तुम्ही लिहिता, या गावात बायका पाला जाळतात. चौथ्यात म्हणता, कोणीच जाळत नाही. गाव एकच. मग खरं काय?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. ‘हा बदल मी करायला लावला,’ एवढंच म्हणायचं होतं. खोलीत माझे सहकारी होते, माझे दुसरे विद्यार्थी होते. मी मूग गिळून बसलो.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

बाईंनी मग नीट समजावलं. एखाद्या अभ्यासात जे आढळलं, ते त्या वेळचं आणि त्या ठिकाणचं असतं, म्हणून ‘आढळले’. लेखकाचा युक्तिवाद सांगताना ‘म्हणतात’ चालतं. अनेकांनी मिळून आजवर केलेल्या कामाबद्दल ‘झाले आहे’. “तुमचा अख्खा प्रबंध बदलावर आहे,” त्या म्हणाल्या, “आणि जुनं तुम्ही आजचं करून टाकलंत. मग बदल दिसणार कुठून?” दुसरं प्रकरण दुरुस्त करून द्या, मगच पदवीची शिफारस करेन, असं त्यांनी लिहून दिलं.

ती वाक्यं दुरुस्त करायला तिला आठवडाच लागला असेल. पण पुढे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले आणि पत्र हातात पडेपर्यंत मुलाखत होऊन गेली होती. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तशी जागा आमच्या भागात परत निघाली नाही. आता ती तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवते आणि एसटीने हेलपाटे घालते.

मी निवृत्त झालो. लाज वाटायला मला वेळ लागला. आधी बरीच वर्षं मी परीक्षक बाईंनाच दोष देत होतो. परवा अखेर तिला फोन लावला. म्हणालो, “ते वाक्यं मीच फिरवले होते. चूक माही होती.”

“मले का माहीत नाई सर?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. “मी तिथी कितीक वेळ तुमच्याकडं पाहून राह्यली होती. वाटलं, आता सर बोलतीन.”