तेराव्या ओळीतला बीटा

पंधरा वर्षं घर सांभाळल्यावर मी पुन्हा नोकरीला लागले ती उल्हासनगरच्या एका गुंतवणूक सल्लागाराकडे. लागले म्हणजे काय, एक महिना ट्रायल. ऑफिसचे मालक सिंधी, साठीच्या पुढचे, गल्लीतले सगळे त्यांना काका म्हणायचे म्हणून मीही काका म्हणू लागले. ते मात्र मला सगळ्यांसमोर "ट्रायलवाली मॅडम" म्हणायचे. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. पण मला तो शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचायचा. बी.कॉम.ला वर्गात पहिली आलेली बाई मी, आणि या वयात ट्रायलवाली!

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी काकांनी अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग ठेवली होती. येणारे सगळे एकाच कारखान्यातून निवृत्त झालेले लोक. त्यांच्यासाठी काकांनी स्वतः निवडलेल्या बारा शेअर्सची यादी होती, आणि त्या प्रत्येकाचा बीटा काढायचं काम माझ्याकडे होतं. मला ठेवायचं की नाही, तेही त्या मीटिंगनंतरच ठरणार होतं. तसं काकांनी पहिल्याच दिवशी समोर दाल-पकवान ठेवत गोड आवाजात सांगून टाकलं होतं.

बीटा म्हणजे फार काही अवघड प्रकरण नाही. बाजाराचा निर्देशांक एक टक्का हलला की आपला शेअर साधारण किती टक्के हलतो, तो आकडा. एकपेक्षा जास्त आला तर शेअर बाजारापेक्षा जास्त नाचरा, कमी आला तर शांत. काका दोन दिवसांच्या एका ट्रेनिंगमधून हे शिकून आले होते आणि नव्या नवलाईने सगळ्यांना शिकवत सुटले होते. पाच वर्षांच्या महिनाअखेरच्या किमती घ्यायच्या, प्रत्येक महिन्यात किती टक्के वाढ-घट झाली ते, म्हणजे परतावा, काढायचा, आणि एक्सेलमधल्या स्लोप या सूत्रात दोन रकाने द्यायचे. "पहले शेअर, बाद में बाजार," काका बजावायचे. "उलटा किया तो आन्सर गलत, समझलं?"

समजलं म्हणजे काय, मी ते जपासारखं घोकलं. शेअरचे परतावे आधी, निर्देशांकाचे नंतर. बाराही ओळींत दोन-दोनदा तपासलं. एका ग्राहकाने फोनवर विचारलं म्हणून शेवटी तेरावी ओळही घातली. त्यात निर्देशांकाचीच नक्कल करणारा एक इंडेक्स फंड होता. मग छपाई एका पानावर बसेना. मला पसारा मुळी खपत नाही, स्वयंपाकघरात नाही आणि कागदावरही नाही. सगळ्या फाइलींतले आकडे एका पानावर चिकटवले, तारखांचे रकाने काढून टाकले, आणि पान कसं आटोपशीर दिसायला लागलं!

उत्तरं आली तीही अशी की काका खुर्चीतून उठलेच. बँकेचा बीटा उणे ०.०४. साबण कंपनीचा ०.११. सगळे शून्याच्या आसपास.

"अरे साईं! मार्केट डूबे तो भी अपनी लिस्ट हिलेगी नहीं!" काका ओरडले. यादी त्यांची होती ना, मग त्यांना आनंद होणारच. त्यांनी तिथल्या तिथे चार लोकांना फोन करून ही बातमी दिली, आणि शुक्रवारी संध्याकाळी पानाच्या वीस रंगीत प्रती लॅमिनेट करून आणल्या. त्यातली एक मला दिली. बेलवलीला घरी येईपर्यंत मी ती पिशवीतून तीनदा काढून पाहिली. पंधरा वर्षांनी माझ्या हातचं काहीतरी छापलं गेलं होतं, आणि मी खुशीत होते, उगाच कशाला लपवू.

शनिवारी सकाळी मी चहा टाकत होते. सासरे टेबलाशी पेपर वाचत होते. त्यांचा त्याच इंडेक्स फंडात दरमहा हप्ता जातो. त्यामुळे बाजार पडला की त्यांचा आवाजही पडतो आणि चहात साखर कमी वाटू लागते.

"पडला परत," ते पुटपुटले.

"काय पडलं, बाबा?"

"बाजार. म्हणजे माझा फंडही. तो कुठे वेगळा चालतोय, निर्देशांकाची सावलीच ती."

मी "हं" म्हटलं आणि चहा ढवळत राहिले. चमचा फिरता फिरता थांबला. सावली? मग सावलीचा बीटा किती यायला हवा?

गॅस तसाच ठेवून मी पिशवीतलं पान काढलं. तेरावी ओळ, इंडेक्स फंड, बीटा ०.०६.

जो फंड निर्देशांकातलेच सगळे शेअर त्याच प्रमाणात घेऊन बसलाय, त्याचा बीटा एकच्या अगदी जवळ यायलाच हवा. ०.०६ म्हणजे बाजार इकडे आणि सावली तिकडे. असं होऊच शकत नाही. आणि ही ओळ खोटी तर वरच्या बाराही ओळी खोट्या, कारण निर्देशांकाचा रकाना सगळीकडे तोच होता. चहा उतू गेला. सासरे म्हणाले, "अगं, गॅस!" मी म्हटलं, "जाऊ दे तो गॅस!" पंधरा वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते.

लॅपटॉप उघडला. पहिल्यांदा सूत्र पाहिलं. शेअर आधी, बाजार नंतर, बरोबर होतं. मग मूळ फाइली उघडल्या, तारखांसकट. आणि दिसलं! शेअर्सच्या आणि फंडाच्या फाइलींत सगळ्यांत जुना महिना वर होता, निर्देशांकाच्या फाइलीत सगळ्यांत नवा महिना वर. त्या मी तशाच चिकटवल्या होत्या. स्लोपला तारखा कळत नाहीत. ते पहिल्या आकड्याची पहिल्याशी आणि दुसऱ्याची दुसऱ्याशी जोडी लावतं. दोन्हीकडे आकडे साठ-साठ होते, त्यामुळे त्याने निमूटपणे उत्तर दिलं. पाच वर्षांपूर्वीच्या फंडाची गाठ मी गेल्या महिन्याच्या बाजाराशी मारली होती! वर आणखी गंमत म्हणजे निर्देशांकात जुनी किंमत खाली असल्यामुळे "खालची भागिले वरची, उणे एक" या सूत्राने त्याची वाढ घट दाखवली होती आणि घट वाढ. सूत्रातल्या क्रमावर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला आणि तारखांचा क्रम आपल्याच हाताने पुसून टाकला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तारखांचे रकाने परत आणले. निर्देशांकाच्या तारखा आणि किमती जुन्यापासून नव्यापर्यंत लावल्या. शेजारची सूत्रं आपापल्या जागी होती, त्यांनी परतावे नव्याने काढले. मी तेराव्या ओळीकडे पाहिलं.

०.९९.

मी चक्क टाळी वाजवली! बँक १.३२ झाली, साबण कंपनी ०.६१, औषधवाली ०.५८. मेलेली यादी जिवंत झाली. बँक नाचत होती, साबण संथ चालत होता, जसं जग खरोखर असतं तसं. आनंद पोटात मावेना. सासऱ्यांना ओढून आणून दाखवलं. "म्हणजे माझा फंड ठीक आहे ना?" एवढंच ते म्हणाले.

मग आठवलं की वीस प्रती लॅमिनेट झाल्यात. चार फोन झालेत. ट्रायल आज संपतेय. आपण गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे, असंही एकदा मनात आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण चार वाजताच्या मीटिंगमध्ये निवृत्त माणसं ते पान बघून बँकेचा शेअर शांत समजणार होती, आणि माझं मन काही गप्प बसायला धजेना.

अकराला ऑफिसात पोचले आणि उभ्या उभ्याच काकांना सांगितलं. काका आधी पांढरे झाले, मग लाल.

"लॅमिनेशन किया है मैंने!"

"मला माहितीये, काका. चूक माझी आहे. आकडे मात्र आता बरोबर आहेत."

त्यांनी स्वतः माऊस घेतला, तेराव्या ओळीवर आणला, जुना आकडा पाहिला, नवा पाहिला. मग म्हणाले, "चलो. बोलना तुमकोच पडेगा."

हॉलमध्ये पंधराएक जण होते. काकांनी ओळख करून दिली, "ये अपनी ट्रायलवाली मॅडम." तो शब्द पुन्हा टोचला. पण पडद्यावर दोन रकाने दिसले आणि मला सकाळचाच हुरूप पुन्हा चढला. मी चूक सांगितली, उलटे महिने दाखवले, सगळ्यांसमोर क्रम लावला, आणि ०.०६ चे ०.९९ होताना मागच्या रांगेतून कोणीतरी "वा!" म्हणालं.

ज्यांना काकांनी फोन केला होता त्यातले एक गृहस्थ उठले. "मला फोनवर सांगितलं होतं, बँक हलत नाही म्हणून."

"हो. ते माझ्यामुळे," मी म्हटलं. "बँक हलते. बाजारापेक्षा जास्त हलते. आणि हाही गेल्या पाच वर्षांचा हिशेब आहे, पुढचं वचन नाही."

गृहस्थ चष्मा पुसत उभेच राहिले. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "मी तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. सकाळी मापाचा गेज हातात घेतला की आधी मास्टर पीस मोजायचो. ज्याचं माप आधीच माहीत आहे, तो तुकडा. तो चुकला तर गेज बाजूला, मग माल कितीही चांगला दिसू दे. बाईंनी तेच केलंय. हा फंड म्हणजे मास्टर पीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला जे सकाळी चहा ढवळताना सापडलं, ते ही माणसं रोज सकाळी करत आली होती.

परतताना रिक्षात काकांनी नोकरीचा विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. उल्हासनगरच्या चौकात उतरताना ते एवढंच म्हणाले, "सोमवार को दस बजे."

सोमवारी गेले. वीस लॅमिनेटेड पानं कोपऱ्यातल्या खोक्यात पडली होती. माझ्या टेबलावर कोरी फाइल उघडून ठेवली होती. डावीकडे तारखांचा रकाना होता, आणि इंडेक्स फंड तेराव्या ओळीतून थेट पहिल्या ओळीत आला होता. मी बसते न बसते तोच फोन वाजला. काकांनी घेतला.

"बीटा? हां साईं, एक मिनिट," ते म्हणाले आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "हमारी मॅडम को देता हूँ."